मीराची भूक

पलकला बारावीला फ्रेंचमध्ये सत्त्याण्णव मार्क पडले होते. घरात कुणाला पॅरिसला जायचं नव्हतं; स्कोरिंग विषय, एवढंच. पण दादाजी माणकचंद जळगावच्या दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला ‘आमच्या पोरीला फ्रेंच येतं’ असं सांगत सुटले, आणि ते एक दिवस तिच्या अंगाशी आलं.

फ्रान्सहून महिनाभरासाठी आलेल्या तिच्या आत्याचं, आयुषी भुआचं, अपेंडिक्स पहाटे दुखायला लागलं आणि बाकी सगळे तिला घेऊन दवाखान्यात धावले. मागे पलक आणि दादीपाशी राहिली तिची पाच वर्षांची मीरा. बाप फ्रेंच, घरातलं बोलणं फ्रेंच; मराठीचं पोरीला वारंसुद्धा लागलेलं नव्हतं.

दादीने, सुगनबाईंनी, पोळी पुढे केली. मीराने तोंड फिरवलं. तिच्या भाषेत विचार, असं दादी म्हणाल्यावर पलकने मनात इंग्रजी वाक्य मांडलं, शब्दाला शब्द ठेवला आणि ऐटीत विचारलं, “तू ए फें?”

भूक लागलीय का, असं विचारल्याचं तिला वाटलं. पोरीच्या कानी पडलं, तू भूक आहेस का?

“नों,” मीरा घाबरून म्हणाली. “झ स्वी मीरा.” नाही, मी मीरा आहे.

लाजून नाव सांगतेय, असं समजून पलकने ‘नाही’ तेवढं उचललं. भूक नाही म्हणते, तिने दादीला सांगितलं. दुपारीही तेच. कूलरसमोर पोर अंग चोरून बसली तेव्हा तिने थंडीचंही तसंच विचारलं आणि पुन्हा ‘नों’ ऐकून कूलर तसाच ठेवला. सत्त्याण्णव मार्क होते ना.

सूर्यास्ताआधी घरातली जेवणं उरकत होती तेव्हा भुआचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं. मीरा फोनला चिकटून हमसून हमसून रडली. मग भुआचा आवाज आला, अगदी क्षीण.

“पलक, ती सकाळपासून उपाशी आहे गं. थंडी वाजतेय म्हणते. तू भूक आहेस का, असं विचारत होतीस म्हणे तिला. ‘ए’ म्हणजे आहेस; ‘आ’ म्हण, म्हणजे तुझ्याकडे आहे. तू आ फें. आपण नाही का म्हणत, तुला भूक आहे का? तसंच. इंग्रजीतून कशाला गेलीस?” पुढे बोलताना ती कण्हली आणि फोन बंद झाला.

पलकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने कूलर बंद केला, पोरीला चादरीत घेतलं आणि विचारलं, “तू आ फें?”

“वी,” मीरा म्हणाली आणि खिचडीवर तुटून पडली. दादीने डोळे पुसले.

चार घासांनंतर मीराने वर पाहिलं. आता हिला कळतं, असा भरवसा पोरीला आला होता. “मामों आ माल?”

हे पलकला लगेच कळलं. आईला दुखतंय का? तिला सांगायचं होतं, थोडंसंच दुखतंय, राणी, उद्यापर्यंत कमी होईल, परवा ती घरी येईल. तिने एकेक शब्द आठवून पाहिला, आणि प्रत्येकापुढे ‘ए’ की ‘आ’ यावर अडून बसली. पोर वाट बघत होती.

“वी,” पलक म्हणाली. हो, दुखतंय.

मीराने चमचा खाली ठेवला.