तळघराचा दुसरा इशारा

उत्तर मागणाऱ्या माणसांची तिला मनापासून किळस होती. कुणीतरी वर्षभर डोकं फोडून एक कोडं रचायचं आणि यांनी चहा निवायच्या आत हात टेकून ‘सांगा ना’ म्हणून गळा काढायचा! कोड्यांचे गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती इशारे लिहायची. प्रत्येक कोड्याला तीन, एकाखाली एक झाकलेले, हवा तेवढाच उघडायचा. पहिल्याने नजर वळवायची, दुसऱ्याने डोकं चालवायचं आणि तिसऱ्यात उत्तर, पण ते अगदीच बुडणाऱ्यांसाठी. कोड्याच्या मथळ्यातूनसुद्धा काही फुटता कामा नये. सहकाऱ्याने एकदा ‘अंधारातलं दार’ असा मथळा दिला होता, तेव्हा तिने त्याला असं झापलं होतं की तो आठवडाभर तिच्या वाटेला गेला नाही.

कंपनीचे मालक, म्हणजे सर, यांना हे सगळे नखरे वाटत. स्वतःचा गेम त्यांनी तिसऱ्या खोलीपुढे कधी खेळला नव्हता, पण मतं मात्र शेवटच्या खोलीपर्यंतची होती.

“लोकांना वेळ नाही, उत्तरं देऊन टाक,” ते म्हणाले. “नाहीतर असं कर. तळघराचं दार सगळ्यात अवघड ना? कोऱ्या माणसाला ते तिसरा इशारा न उघडता जमलं, तर तुझे इशारे राहतील. नाहीतर सरळ उत्तरं.”

कोरा माणूस आणायचा कुठून? ऑफिसात उत्तर सगळ्यांना पाठ होतं, आणि एकदा कळलेलं उत्तर डोक्यातून काही काढता येत नाही. शेवटी तिने दिराला आणलं. दीर म्हणजे तिच्या मते शुद्ध ठोकळा. याला जमलं तर जगात कुणालाही जमेल, असा तिचा हिशेब.

दार साधं होतं, ते बघायला साधी अक्कल हवी, एवढंच. लोखंडी दारावर सहा बटणं. कुठलं कधी दाबायचं ते भिंतीवर लिहिलेलं, पण तो रंग अंधारातच चमकतो. खेळाडू मात्र पहिल्या खोलीत मिळालेला दिवा कधी विझवतच नाहीत. तिचा पहिला इशारा होता: ‘लागेल ते सगळं तुमच्याजवळ आहे.’ दुसरा: ‘डोळे उघडे ठेवून भिंत नीट बघा. ज्यांना बघता येतं, त्यांना दिसतं.’ या दुसऱ्यावर ती भलतीच खूश होती.

दिराने दोन्ही उघडले आणि दिवा भिंतीला लावून वीट न् वीट बघू लागला. ती शेजारी बसून मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. अर्ध्या तासाने अचानक त्याने दिव्यावर क्लिक केलं. अंधार झाला, आकडे चमकले, त्याने त्या क्रमाने बटणं दाबली आणि दार उघडलं.

“सर, या, बघा!” तिने जवळजवळ ओरडूनच सरांना त्यांच्या केबिनमधून बोलावलं. ते आले तोवर पडद्यावर पुढची खोली आली होती.

“वहिनी, खरं सांगू?” दीर हसत म्हणाला. “तुमच्या इशाऱ्याने माझी पार वाट लावली. मी तुमच्याकडे बघत होतो. माउसचा बाण चुकीच्या जागी नेला की तुम्ही च्यक् करायचात. बरोबर जागी नेला की श्वास रोखायचात.”

सर खो खो हसले. तिचे कान तापले. ठोकळ्याने तिलाच पुस्तकासारखं वाचलं होतं. आणि तो म्हणत होता ते खरं होतं. नीट बघ म्हटल्यावर माणूस उजेड जवळ नेणार, विझवणार कशाला? तो इशारा नव्हताच. तो टोमणा होता, आणि तोही चुकीच्या दिशेला ढकलणारा.

“मग काय, उत्तरं?” सरांनी विचारलं.

“एक कोरा माणूस अजून आहे,” ती म्हणाली. “तुम्ही.”

तिने दुसरा इशारा पुसून नवा लिहिला: ‘पहिल्या खोलीपासून एक गोष्ट तुम्ही सवयीने करत आला आहात. ती इथे करायलाच हवी का?’ सरांसाठी गेम तळघरापाशी सुरू करून दिला, खोलीचं दार ओढून घेतलं आणि दिरासकट बाहेर येऊन बसली.

बऱ्याच वेळाने आतून आरोळी आली. सर छाती काढून बाहेर आले.

“मी काढलं! एकट्याने! तुझ्या त्या इशाऱ्यांची गरजसुद्धा पडली नाही.”

तिने आत डोकावून पडद्यावर बघितलं. पहिला इशारा उघडा. दुसराही उघडा. तिसरा झाकलेला.

“आणि ऐक,” सर म्हणाले, “उत्तरं अजिबात द्यायची नाहीत. असला आनंद लोकांकडून हिसकावून घ्यायचा म्हणजे काय? मी तर पहिल्यापासून हेच म्हणतोय.”

दीर गालातल्या गालात हसत तिच्या तोंडाकडे बघत होता. तिच्या जिभेच्या टोकावर बरंच काही होतं, सरांना सरळ झोपवेल असं.

“बरोबर आहे, सर,” ती म्हणाली. या वेळी तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.