चौथी ओळ कोरी राहिली

काळीकुट्ट म्हणून नाक मुरडू नका, मित्रांनो. मी एक जुनी सागवानी पाटी आहे. सिरसाळ्याच्या सुताराने मला रंधून काळा रंग दिला, तेव्हा माझ्यावर नजर ठरत नव्हती. तेलगावाजवळच्या एका गावात सहकारी दूध संस्थेच्या दारात मी लटकत होते. रोज सकाळी माझ्या अंगावर दुधाचा भाव लिहायचे, आणि मला वाचल्याबिगर कोणी बरणी उचलत नसे. एवढा माझा मान!

मग पाऊस रुसला. गुरं छावणीला गेली, दूध आटलं, संस्थेला कुलूप लागलं. सचिव उत्तरेश्वर म्हणाले, "हिला वाळवी लागण्यापरीस शाळेत तरी पडू दे." तशी मी गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात आले. शेजारीच मुलींचं वसतिगृह होतं. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकी तिथं राहून शिकायच्या. त्यांच्या पाण्याला अंगणातला एकच आड, आणि तोही गाळानं बुजत चाललेला.

मराठीचे मोहनराव सर दरवर्षी बारावीला एक स्वाध्याय द्यायचे: वेळेचा सदुपयोग सांगणारं चार चरणांचं सुभाषित रचा. पहिल्या दोन चरणांत दृष्टांत, पुढच्या दोनांत बोध. चरणाला आठच अक्षरं. पाचवं ऱ्हस्व, सहावं दीर्घ. सातवं पहिल्या-तिसऱ्या चरणात दीर्घ, दुसऱ्या-चौथ्यात ऱ्हस्व. जे सुभाषित उत्तम, ते माझ्यावर चढायचं. मग बाकीच्यांनी ते पाठ करून त्याचं तात्पर्य लिहायचं.

त्या साली मंजुळाचं निवडलं. आईबाप कारखान्याला गेले तरी ती वसतिगृहात राहून शिकायची. आडाला पाणी राहिलं तरच वसतिगृह चालणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून पावसाआधी आडाचा गाळ काढायचं ठरलं. उत्तरेश्वरांनी संस्थेचे दोर आणि घमेली पाठवली. सरांनी रीत घातली: सुभाषित पाटीवर पुरं होईल, मोठ्यानं वाचलं जाईल, नारळ फुटेल, मगच खोरं लागेल.

मंजुळाने लिहिलं:

तहान लागता घाई,
आड खोदावया नको;
आज काम करावे ते,
गेलेली वेळ येत नाही.

"थांब," सर म्हणाले. "शेवटच्या चरणात नऊ अक्षरं होतात. मोज."

मुली बोटांवर मोजत बसल्या. एक शब्द पुसला, दुसरा लिहिला. सातवं अक्षर जुळलं की पाचवं बिघडायचं. तो दिवस गेला, दुसराही गेला. स्वयंपाकाच्या भिवराबाई कंबरेवर हात ठेवून दारात आल्या.

"सर, पानी अक्षरं मोजून येतं व्हय? आभाळ बगा की जरा!"

"भिवराबाई, अपुऱ्या सुभाषितावर नारळ कसा फोडायचा?"

"मग फोडू नका. त्यो मी चटणीला घेते. पोरींच्या हातात खोरं द्या!"

पोरी खदखदल्या. सरही हसले, आणि पुन्हा माझ्याकडे वळले. मीही फुगून बसले होते. सगळं गाव माझं तोंड बघतंय, आणखी काय हवं मला!

तिसऱ्या दुपारी पाऊस कोसळला. आडाची कड ढासळली. गाळावर माती आणि मातीवर दगड; खचत्या कडेखाली उतरायला कोणी धजेना. पाऊस जो गेला तो फिरकलाच नाही. दसऱ्याला आड कोरडा ठाक, वसतिगृह बंद. मंजुळाचा बाप ऊसतोडीच्या टोळीसोबत निघाला, आणि मागं ठेवायला जागा नाही म्हणून लेकीलाही त्यानं गाडीत चढवलं.

निघण्याआधी ती वर्गात आली. खडू उचलून तिनं शेवटची ओळ पुसली आणि लिहिली:

गेली वेळ न ये घरी.

अक्षरं आठ. सगळं बिनचूक.

"बरोबर हाय का, सर?"

सरांनी मान हलवली.

तिची परीक्षा उसाच्या फडातच बुडाली. सरांनी ती ओळ पुसू दिली नाही. वर्गात आले की माझ्याकडे पाठ करून शिकवायचे. मला वाटायचं, कोणीतरी ओला बोळा फिरवावा आणि मला सोडवावं. शहाणपण अंगावर मिरवत मी उभी, आणि माझ्याच समोर पोरीचं वर्ष गेलं.

चैत्रात टोळी परतली. दुसऱ्या दिवशी सरांनी मला स्वच्छ पुसलं, तीनच ओळी लिहिल्या आणि चौथीची जागा कोरी ठेवली.

"नारळ?" कोणीतरी विचारलं.

"चटणीला द्या," म्हणत सरांनी धोतर खोचलं आणि स्वतः आडात उतरले.

वरून दोर ओढायला मंजुळा होती. कोयत्यानं हातांना घट्टे पडले होते. शेवटचं घमेलं वर आलं, खाली झरा पाझरला, तेव्हा भिवराबाईंनी हाक दिली, "ये गं, आता लिही तुझी ओळ!"

तिनं लिहिली. बोटांचा चिखल माझ्या अंगावर उमटला.

मित्रांनो, मला जपा म्हणून मी विनवणार नाही. माझ्यावरच्या ओळी खुशाल पुसा. पण त्या मोजत बसताना दारातलं खोरं सुकं ठेवू नका. तो चिखल अजून माझ्या कडेला आहे. तो मात्र पुसू नका.