निळं पाणी कुठवर चढतं

प्रदर्शनाच्या सकाळी प्रतिक्षा वर्गात आली, तर तिच्या मॉडेलमधल्या वस्तीच्या नळाला पाणी येऊन राहिलं होतं.

ती दारातच थांबली. त्या नळाला पाणी येणं शक्यच नव्हतं. पाणी येत नाही हे दाखवायलाच तर तिनं मॉडेल केलं होतं.

आमच्या शाळेत दरवर्षी विज्ञान प्रदर्शन भरतं आणि दरवर्षी ज्वालामुखी फुटतो. सोडा, व्हिनेगर, लाल रंग, टाळ्या. सेनगाव तालुक्यात ज्वालामुखी कुणाच्या बापानं बघितला न्हाई, पण त्याच्यावर कुणाचा आक्षेपबी नसतो. ज्वालामुखी कुण्या सरपंचानं बांधलेला नसतो ना.

यंदा नववीतली प्रतिक्षा पुस्तकातला धडा घेऊन कुलदीप सरांकडं गेली होती. धड्यात चित्र होतं. खाली एकमेकींना जोडलेल्या चार नळ्या, एक जाड, एक बारीक, एक वाकडी, एक तिरपी. पाणी मात्र चारींत एकाच पातळीला.

"सर, आमच्या वस्तीचा नळ ह्याच्यामुळंच कोरडा हाय का?"

सरांनी चित्र बघितलं, खिडकीतून टेकावर बघितलं आणि हसले. "बराबर पकडलंस. पण पोरी, चित्र म्हणजे मॉडेल न्हाई. मॉडेलला प्रमाण लागतं. टाकी किती उंच, वस्ती किती उंच, हे मोजून आण. मोजल्याबिगर उभं केलं, तर तो देखावा झाला."

हे वाक्य सरांचंच आहे. ध्यानात ठेवा.

गाव खाली, मेंढरंवाल्यांची वस्ती टेकावर. गावात नळयोजना झाली, टाकी शाळेमागं बांधली, कारण तिथली जागा सरपंचाच्या भावाची होती. वस्तीतबी पाईप पुरले, दारोदार तोट्या बसवल्या. तोटीवर पितळेची चकाकी, आत वारं. प्रतिक्षाची आई चांगुणाबाई अजून ओढ्यातल्या झिऱ्यावरूनच हंडे वाहते. तोटीला लेकरं झोका बांधतात.

मोजायचं कसं, तर धम्मानंद मिस्त्रीची पारदर्शक नळी आणली. मिस्त्री लोक भिंतीची पातळी त्याच नळीनं काढतात. नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोघांनी धरायची. दोन्हीकडं पाणी एका रेषेत येतं, मधली जमीन कशीबी असो. म्हणजे पुस्तकातलंच तत्त्व, पण मोजपट्टी होऊन. एक टोक टाकीच्या पायथ्याशी आईनं धरलं, दुसरं चढावर प्रतिक्षानं. वरच्या जमिनीची पातळी आईजवळच्या काठीवर किती उंचीला येती ते लिहायचं आणि पुढं सरकायचं. पहिल्यांदा सगळं चुकलं. नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता, त्यानं पातळी खोटी दाखवली. सरांनीच सांगितलं, बुडबुडा काढून पुन्हा मोज. माय-लेकी पुन्हा अख्खा टेक चढल्या.

चांगुणाबाई म्हणाली, "पाणी तर येत न्हाई, पण नळीत भरून आमीच त्याला वर नेऊन राहिलोत."

हिशेब निघाला. टाकी काठोकाठ भरली तरी पाण्याची पातळी पायथ्यापासून बारा मीटर. वस्तीतली सगळ्यांत खालची तोटी साडेचौदा मीटरवर. टाकीच वस्तीच्या खाली! घरात माळ्यावर चढून पाणी ओतायचं सोडून उंबऱ्यात ओतायचं आणि म्हणायचं, जा बाबा माळ्यावर.

मग मॉडेलचा आराखडा झाला. खरा एक मीटर म्हणजे मॉडेलमधले पाच सेंटिमीटर. टाकी म्हणजे रंगाचा रिकामा डबा, त्यातलं पाणी साठ सेंटिमीटरवर. वस्ती थर्माकोलच्या टेकावर, पुठ्ठ्याची घरं, कापसाची मेंढरं, आणि तिची तोटी साडेबहात्तरवर. डब्याच्या बुडातून दोन पारदर्शक नळ्या, एक गावाला, एक वस्तीला. पाण्यात निळी शाई, लांबून दिसावी म्हणून. गावाची तोटी उघडली की धार. वस्तीच्या नळीत निळं पाणी डब्यातल्या पातळीपर्यंत चढतं आणि तोटीच्या खालीच थांबतं. तोटी उघडा, बंद करा, फरक न्हाई. फलक सरांनी तिच्याकडून चारदा लिहून घेतला. लांबलचक नको म्हणाले, उभ्याउभ्या वाचता आला पाहिजे.

'मॉडेलचे नाव: वस्तीच्या नळाला पाणी का येत नाही?
तत्त्व: जोडलेल्या नळ्यांमध्ये स्थिर द्रव सगळीकडे सारख्याच पातळीला राहतो.
निरीक्षण: टाकीतील पाण्याच्या पातळीपेक्षा उंच असलेल्या तोटीला पाणी येत नाही.
उपाय: टाकी वस्तीपेक्षा उंच जागी हवी, किंवा वस्तीसाठी मोटार आणि वेगळी टाकी हवी.'

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सरपंच विश्वंभरराव शाळेत आले. पाहुणे म्हणून नळयोजनेचे इंजिनिअर साहेब यायचे होते. प्रदर्शन बघायचं, नारळ फोडायचा आणि जेवून योजना पूर्ण झाल्याची सही करायची. एकदा सही झाली की ठेकेदार मोकळा, सरपंच मोकळा, साहेब मोकळे. मग वस्तीनं कुणाच्या नावानं बोंब मारायची? सरपंचांनी फलक वाचला. मुख्याध्यापकांकडं बघितलं. बोलले काहीच न्हाईत. मुख्याध्यापकांनी कुलदीप सरांकडं बघितलं. तेबी काही बोलले न्हाईत. आमच्याकडं मोठी कामं अशीच होतात, कुणी कुणाला काही सांगितलेलं नसतं.

आणि आता सकाळी वस्तीच्या तोटीतून निळी धार पडत होती.

प्रतिक्षानं डब्याचं झाकण उचललं. आत कूलरचा पंप. पाण्यात बुडालेला, गुर्र करत वस्तीच्या नळीत पाणी ढकलून राहिलेला. त्याची वायर थर्माकोलच्या टेकामागून भिंतीतल्या बोर्डापर्यंत नेली होती. फलक नवा होता, छापलेला, गुळगुळीत.

'मॉडेलचे नाव: आमच्या गावाची नळयोजना.
तत्त्व: पाणी आपली पातळी गाठते.
निरीक्षण: उंचावरील वस्तीसह प्रत्येक घरी पाणी पोहोचते.'

"सर, हे काय?"

कुलदीप सर दुसऱ्याच टेबलावर काहीतरी चिकटवत होते. वर न बघता म्हणाले, "चालत्या मॉडेलला मार्क जास्त असतात. तुझ्या नळाला पाणीच येत नव्हतं, म्हणजे मॉडेल बंद वाटत होतं."

"बंदच दाखवायचं होतं ना सर."

"वाद घालू नको. तालुक्याला नंबर येईल तुझा. तुझ्याच भल्यासाठी करून राहिलो."

"मग तत्त्व कशाला ठेवलं फलकावर? तेबी काढायचं."

सरांच्या हातातला डिंक सांडला. त्यांनी वर बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "प्रतिक्षा, माझी नोकरी कंत्राटी हाय. दरवर्षी सरपंचांच्याच सहीनं चालती."

तिला वाईट वाटायला पाहिजे होतं. न्हाई वाटलं. नोकरी सरांची कंत्राटी आणि तहान आईची कायमची, हा कुठला हिशेब?

साहेब आले. गळ्यात हार, मागं सरपंच, त्यामागं मुख्याध्यापक. दारात वस्तीवरच्या दोन-चार बायाबी येऊन उभ्या राहिल्या, पुढं चांगुणाबाई. लेकीनं काय केलं ते बघायला आली होती. तिनं मॉडेल बघितलं. थर्माकोलचा टेक ओळखला, वरची घरं ओळखली. धार बघितली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "अगं, कापसाच्या मेंढरांला पाणी मिळालं वाटतं. आमी त्येंच्यापरीस खालच्या जातीचे व्हय?"

बाया हसल्या. सरपंचबी हसले, उशिरानं.

"छान! सांग बेटा, काय तत्त्व आहे?" साहेबांनी विचारलं.

मुख्याध्यापकांनी डोळ्यांनी फलकाकडं खूण केली. वाच.

प्रतिक्षानं फलक वाचला न्हाई. ती भिंतीपाशी गेली आणि बोर्डातली पिन उपटली.

गुर्र थांबलं. तोटीची धार बारीक झाली, थेंब झाली, तुटली. पारदर्शक नळीतलं निळं पाणी खाली घसरायला लागलं, सावकाश, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. डब्यातल्या पाण्याच्या रेषेला येऊन थांबलं. तिथून हललं न्हाई. खाली गावाची तोटी तिनं उघडली. तिथं मोकळी धार पडली.

"अगं, मोटार बंद झाली," साहेब म्हणाले.

"खऱ्या टाकीत कुठं मोटार हाय साहेब?"

तिनं नळीतल्या निळ्या रेषेवर बोट ठेवलं. "एक मीटरला पाच सेंटिमीटर धरलंय. आमी नळीनं मोजलंय, दोनदा. टाकीचं पाणी बारा मीटर, तोटी साडेचौदा. हा पंप मी लावलेला न्हाई. फलक मी लिहिलेला न्हाई. जे खोटं हाय ते माझं न्हाई."

"लेकरू घाबरलंय, काहीबी बोलून राहिलं," सरपंच म्हणाले. "चला साहेब, जेवण थंड होतंय."

साहेब हलले न्हाईत. नळीतल्या निळ्या रेषेकडं बघत राहिले. साहेब काही देव न्हाईत. टाकीची जागा ठरली तेव्हा त्यांच्याच खात्यानं मान डोलावली होती. पण शिकलेल्या माणसासमोर पाणी असं उघडंनागडं थांबलं की त्याला 'चढतं' म्हणायला जीभ जड जाते, निदान वीस माणसांदेखत. ते म्हणाले, "वस्तीवरची एक तोटी बघून येऊ."

सगळे टेक चढले. चांगुणाबाईनं आपल्या दारातली तोटी उघडली. पाण्याचा थेंब न्हाई. खाली गावात कुणाचा तरी नळ सुरू असावा, कारण तोटी उलटी हवा आत ओढायला लागली, सूंऽऽ करून. साहेबांनी तळवा लावला आणि झटकन काढून घेतला.

"बघितलं का," चांगुणाबाई म्हणाली, "देत तर न्हाईच, वरून आमचं वारंबी घेऊन चाललीया."

साहेबांनी त्या दिवशी सही केली न्हाई. 'पाहणी करू' म्हणाले आणि जेवायला न थांबता गेले. पाहणी कधी, मोटार कधी, कुणी सांगितलं न्हाई. कुणी आनंदानं नाचू नका. सही थांबली म्हणजे पाणी आलं न्हाई. फक्त खोटं पक्कं व्हायचं राहिलं.

तालुक्याला ज्वालामुखी गेला. प्रतिक्षाचं मॉडेल 'शिस्तभंग' म्हणून बाद झालं. कुलदीप सर तिच्याशी बोलले न्हाईत. पण शाळा सुटताना तिच्या दप्तरापाशी एक गुंडाळी दिसली. तिचा जुना फलक. नवा लावताना तो फाडून टाकायचा होता, सरांनी फाडला नव्हता. तिनं मागं वळून सरांकडं बघितलं न्हाई. एवढ्यानं ती कुणाला माफ करणार नव्हती.

घरी गेल्यावर तिनं फलकाच्या खाली एक ओळ वाढवली आणि सुतळीनं तो दारातल्या पितळी तोटीला बांधला, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल असा.

'प्रमाण: एक मीटरला एक मीटर.'