तिसऱ्या भागाचे वीस सेकंद

नोकरीसाठी ओळख करून देताना साठ सेकंदांत तीन भाग बसवायचे, हे दादाने शिकवलं: मी कोण, काय केलंय, काय हवंय. आमचा सराव त्याच्या फोनमध्ये रेकॉर्ड झाला होता. तो वारल्यावर मी रोज तेच लावून घोकायचे. वेड म्हणा हवं तर.

नोकरी मेळाव्यात एका कंपनीच्या टेबलापाशी घडाघडा बोलले. "मी यंदाच सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकले. कॉलेजच्या ॲपमधल्या चाळीस चुका शोधल्या."

चाळिसाव्या सेकंदाला थांबले. भरती करणाऱ्या बाई हसल्या. "छान! आमच्याकडून काय हवंय?"

रेकॉर्डिंगमध्ये इथे दादाचं शेवटचं वाक्य होतं. माझ्या तोंडून तेच निघालं, "दमलो गं. तिसरा भाग उद्या करू."

बाईंचं हसू मावळलं. त्या रांगेत माझ्या मागे कोण उभं आहे ते बघू लागल्या.