कारणाचा रकाना

मुरुडमध्ये शेअर बाजारात रोजची खरेदी-विक्री करणारे पुष्कळ असतील, पण का घेतलं आणि का विकलं याची वही ठेवणारे दोघेच. एक हितेश, पेणकडच्या मिठागरवाल्या घरातला, ज्याचं किनाऱ्यालगत आठ खोल्यांचं लॉज होतं. दुसरा सुश्रुत, ज्याच्या घरची नारळ-सुपारीची वाडी होती आणि जो दोन वर्षांपूर्वी पुण्याची नोकरी सोडून, आता आपण पूर्ण वेळ ट्रेडिंग करणार, असं सांगत गावी परतला होता. गावानं मान डोलावली. गावाला मान डोलवायला काय लागतं.

दर शनिवारी सकाळी, लॉजवरचे पाहुणे उठायच्या आत, हे दोघं एकमेकांच्या वह्या वाचत. नियम हितेशचा. सौदा घेण्याआधी कारण लिहायचं. इतका तोटा झाला की मुकाट्यानं बाहेर पडायचं, तो भाव, म्हणजे स्टॉप, तोही आधीच लिहायचा. बाहेर पडतानाही आधी कारण. शेवटच्या रकान्यात नफा की तोटा. हितेशला या वहीनंच वर काढलं होतं. शुक्रवारी दुपारी आपण उगाचच सौदे घेतो, हे त्याला वहीत दिसलं आणि तेव्हापासून शुक्रवारी दुपारी तो लॉजच्या चादरी मोजत बसे.

सुश्रुतच्या वहीवर मात्र जरा जास्तच ओझं होतं. तीन महिन्यांपूर्वी मैथिली, त्याची बायको, शांतपणे म्हणाली होती, "तीन महिने वही लिही. त्याच त्या चुका कमी झालेल्या दिसल्या तर मी पुन्हा एक शब्द काढणार नाही. नाही दिसल्या तर दिघीची नोकरी घ्यायची." दिघी बंदरात माल हाताळणाऱ्या एका कंपनीत त्याच्यासाठी जागा होती. उत्तर येत्या सोमवारी पाचच्या आत द्यायचं होतं. मैथिली शाळेत गणित शिकवते, मुदत दिली की ती मुदतच असते.

हा शेवटचा शनिवार. सुश्रुत मजेत होता, कारण वही देखणी झाली होती. 'स्टॉप खाली सरकवला' ही त्याची जुनी खोड. पहिल्या महिन्यात ती अकरा वेळा, दुसऱ्यात चार वेळा, तिसऱ्यात एकदाही नाही.

हितेशनं चहाचा कप बाजूला सारला, लॉजचं दरपत्रक उचललं आणि ते वहीच्या शेवटच्या रकान्यावर उभं ठेवलं. नफा-तोटा झाकला गेला.

"आज मी नुसती कारणं वाचतो," तो म्हणाला. "'पंधरा मिनिटांचा उच्चांक ओलांडला, कँडल वर बंद झाली, व्हॉल्यूम वाढलेला.' हा नफा." दरपत्रक सरकवलं. नफा होता. "'बाजार संभ्रमात, तरी छोटा प्रयत्न.' हा तोटा." तोटा होता. "'भाव आधाराजवळ थांबला, नेमकी संधी.' नफा. 'बातमीची शक्यता असतानाही प्रवेश.' तोटा."

वीस ओळी वाचल्या. वीसच्या वीस बरोबर निघाल्या.

"लॉज बंद कर आणि हात बघायला बस," सुश्रुत हसून म्हणाला.

हितेश हसला नाही. "सौदा घ्यायच्या आधी तुला तरी ठाऊक असतं का, नफा व्हनार की तोटा?"

"कसं असेल?"

"मग आधी लिवलेलं कारण वाचून मला कसं कळतं?"

बाहेर नळावर कोणीतरी बादली लावली होती, सुश्रुतला तिचा आवाज उगाचच मोठा वाटायला लागला.

"संध्याकाळी लिवतोस तू," हितेश म्हणाला. "नफा झाला का श्याना व्हतोस, तोटा झाला का बाजाराला नावं ठेवतोस. मोबाइल काढ."

ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक ऑर्डरची वेळ असते, आणि ऑर्डर बदलली तर त्या बदलाचीही. वहीत एका सौद्यापुढे लिहिलं होतं, 'ठरल्याप्रमाणे बाहेर.' अ‍ॅप सांगत होतं की त्याच सौद्याचा स्टॉप दहा बेचाळीसला खाली गेला, दहा एक्कावन्नला आणखी खाली आणि अकरा पाचला पुन्हा. तिसऱ्या महिन्याची मोजणी झाली तेव्हा एकदाही नाही ते नऊ वेळा निघालं.

"मी मुद्दाम खोटं लिहिलं नाही रे," सुश्रुत म्हणाला, आणि हे खरंच होतं. संध्याकाळी वही घेऊन बसलं की सकाळचा सुश्रुत त्याला बऱ्यापैकी समजूतदार माणूस वाटायचा. अशा माणसानं मूर्खपणा केला असेल, हे लिहायला हात धजत नसे.

"मला ठाऊक हाय. सोमवारी एक कर. ऑर्डर टाकायच्या आधी वहीचा फोटो मला पाठव. मी उत्तर देनार न्हाय. मागाहून लिवायची तुझी सोय तेवढी बंद."

रविवारी मैथिलीनं वही मागितली. "उद्या देतो, उद्या तीन महिने पुरे होतायत," तो म्हणाला. ती बरं म्हणून उत्तरपत्रिकांकडे वळली. हितेश बोलणार नव्हता. मैथिली अ‍ॅप बघणार नव्हती. वही होती तशी दिली असती तर त्याची सुटका होती, आणि नेमकं तेच त्याला दिवसभर खुपत होतं. ती विश्वास ठेवेल आणि मग पुढची सगळी वर्षं ही वही अशीच सजवत बसावी लागेल. जेवताना आमटीत मीठ नव्हतं म्हणे. त्याला कळलं नाही.

सोमवारी सव्वानऊला बाजार उघडला. सुश्रुत माडीवरच्या खोलीत पेन घेऊन बसला. त्याची पद्धत साधी होती. पहिल्या पंधरा मिनिटांचा उच्चांक ओलांडून त्यावर कँडल बंद झाली, म्हणजे भाव वरच टिकला, तरच खरेदी करायची. दहा वाजले तरी तसं काही घडेना. बोट बटणाकडे निघालं, तेव्हा आधी लिहायचं आठवलं. त्यानं खरं काय ते लिहिलं, 'वाट बघवत नाही.' फोटो पाठवला. हितेशनं पाहिल्याच्या निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. स्वतःचंच अक्षर वाचून सुश्रुतला लाज वाटली आणि त्यानं तो सौदा घेतला नाही.

पावणेअकराला लिहिलं, 'सकाळपासून काहीच केलं नाही.' तोही सोडला.

अकरा पन्नासला मात्र त्याला राहवेना. लिहिलं, 'पाचच्या आत मैथिलीला दाखवायला एक फायदा हवा.' वाचलं. तरीही चारशे बाराला शेअर घेतलेच. स्टॉप चारशे आठ.

भाव घसरायला लागला. चारशे दहा, चारशे नऊ. अंगठा सवयीनं स्टॉप बदलण्याच्या पर्यायावर गेला. या अंगठ्याला दोन वर्षांची सवय होती, त्याला कोणी शिकवायला नको. पण नियम नियम होता. सुश्रुतनं दातओठ खात लिहिलं, 'तोटा मान्य करायचा नाही, म्हणून स्टॉप खाली घेतो.' फोटो पाठवला. पुन्हा नुसत्या निळ्या खुणा. तो त्या ओळीकडे बघत राहिला. या महिन्यात नऊ वेळा हेच केलं होतं आणि नऊही वेळा हे वाक्य त्यानं वाचलं नव्हतं. आता ते समोर होतं आणि अंगठा काही पुढे जाईना. त्यानं मोबाइल टेबलावर पालथा घातला आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले. बारा सदतीसला स्टॉप लागला, शेअर आपोआप विकले गेले. तोटा छोटाच होता, ठरला होता तेवढाच.

एक वाजता तोच शेअर चारशे पंधरावर होता.

त्याला ओरडावंसं वाटलं. आत्ताच्या आत्ता पुन्हा घ्यावा, गेलेले वसूल करावे. मान खाली घालून त्यानं लिहिलं, 'माझ्यावर अन्याय झाला.' मग पान नीट पाहिलं. सकाळपासूनची पाच कारणं. पाचांमध्ये त्या शेअरबद्दल एक अक्षर नव्हतं. सगळा आपला सुश्रुतच. त्यानं लॅपटॉप मिटला.

चार वाजता मैथिली शाळेतून आली. त्यानं वही दिली आणि शनिवारची सगळी हकीकत सांगितली, दरपत्रकासकट. तिनं टेबलावरची पट्टी घेतली, आजच्या पानाचा शेवटचा रकाना झाकला आणि ओळी वाचल्या.

"यावरून नफा की तोटा, काही कळत नाही," ती म्हणाली. "घेतलेला सौदा एकच दिसतोय. नफा झाला?"

"तोटा."

तिनं पट्टी काढली, आकडा बघितला आणि पट्टी पुन्हा जागेवर ठेवली. तिचा चेहरा त्याला वाचता येईना. मग तिनं वहीचं पहिलं पान उघडलं. पहिल्या ओळीच्या वर बोटभर कोरी जागा होती.

"पुण्याची नोकरी सोडलीस, तो पहिला सौदा. तो इथे नाहीये."

"तेव्हा वही कुठे होती?"

"आता लिही."

तेव्हा त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं की वाडी हाक मारते आहे, स्वतःचा वेळ हवा आहे. पेन कागदावर टेकवून तो बराच वेळ बसला. मग लिहिलं, 'साहेब मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलला. त्याला दाखवून द्यायचं होतं.' पुढच्या रकान्यात स्टॉप, म्हणजे तेव्हा स्वतःला दिलेली मुदत, लिहिला, 'एक वर्ष.' त्याच्यापुढे लिहिलं, 'दोनदा सरकवला.'

मैथिलीनं वाचलं. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "तू लिहिलं नव्हतंस एवढंच."

दोन वर्षं आपण जे सगळ्यांपासून लपवलं ते घरात रोज समोर बसून जेवत होतं, याचं त्याला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

"दिघीला काय कळवायचंय?" तिनं विचारलं. "मी सांगणार नाही. तुझा सौदा आहे."

घड्याळात चार चाळीस झाले होते. त्यानं मोबाइल उचलला. मग खाली ठेवला, पेन घेतलं आणि त्याच ओळीत बाहेर पडण्याचं कारण आधी लिहिलं, 'मुदत ठरली होती.' पानाचा फोटो काढून हितेशला पाठवला. निळ्या खुणा उमटल्या. मग त्यानं दिघीचा नंबर लावला.

पलीकडचा माणूस घाईत होता. उद्या आगरदांड्याहून सकाळच्या पहिल्या फेरीबोटीनं या, म्हणाला, मूळ कागदपत्रं आणा. सुश्रुत हो म्हणाला.

मैथिली चहा ठेवायला खाली गेली. जिन्यातून तिनं विचारलं, "शेवटच्या रकान्यात काय लिहिलंस?"

त्यानं पाहिलं. तो रकाना रिकामाच होता.

"अजून काही नाही," तो म्हणाला आणि वही उद्याच्या पिशवीत घातली.