अकरा पुरवण्या आणि दोन गुण

सांगतो, पण तुमचा विश्वास बसायचा नाही. गणिताचे पेपर तपासायच्या खोलीत बसून मी एका पोरीचं शिक्षण वाचवलं. प्रश्न होता: कोणत्याही विषम संख्येच्या वर्गाला आठने भागल्यास बाकी एक उरते, हे सिद्ध करा. पोरीने एकपासून नऊशे नव्व्याण्णवपर्यंतच्या झाडून सगळ्या विषम संख्यांचे वर्ग करून, भागून दाखवले होते. अकरा पुरवण्या! बाकी सगळीकडे एकच. पण मग हजार एकचं काय? नुसत्या उदाहरणांनी सिद्धता होत नाही, म्हणजे गुण शून्य. आणि शेवटी लिहिलेलं, "सर, दोन गुण द्या. नापास झाले तर बाबा शाळा सोडायला लावतील."

मी निळं पेन काढलं आणि हुबेहूब तिच्या अक्षरात लिहिलं: विषम संख्या २क + १, तिचा वर्ग ४क(क + १) + १. क आणि क + १ या लागोपाठच्या संख्या, त्यांतली एक समच असणार. म्हणून ४क(क + १) ला आठने पूर्ण भाग जातो आणि बाकी एक उरते. दिले दोन गुण! पोरगी आज डॉक्टर आहे.

त्या वर्षी आमचं काम तपासणाऱ्या नियामक बाई ऐकत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पुरे करा, सर. ती उत्तरपत्रिका फेरतपासणीला माझ्याकडेच आली होती. असलं काही त्यात नव्हतं. लाल शाईत शून्य होतं, आणि खाली तुमची सही."