निकालाची सकाळ

निकाल फोनवर आला तेव्हा आत्याच्या औषधांच्या दुकानाचं शटर नुकतंच वर गेलं होतं. फार्मासिस्टच्या परवाना परीक्षेत भाची लेखी पेपरात पास झाली होती, तोंडी परीक्षेत मात्र आपटली होती. तिने फोन खिशात कोंबला आणि मुकाट्याने पांढरा कोट चढवला.

पदवी हातात असली, तरी परीक्षा पास होऊन फार्मसी परिषदेकडे नाव नोंदल्याशिवाय स्वतःच्या जबाबदारीवर औषधं देता येत नाहीत. निकाल लागेपर्यंत तिला तात्पुरती परवानगी होती, तीही नोंदणीकृत फार्मासिस्टच्या, म्हणजे आत्याच्या, देखरेखीखाली. नापास झालं की परवानगी तिथेच संपते, हे तिला पाठ होतं. पण आत्याला सांगायला जीभ रेटेना. येईल त्या गिऱ्हाइकाला आत्या कौतुकाने सांगायची, "ही आमची नवी फार्मासिस्ट."

आत्या मागच्या खोलीत माल लावत होती. भाचीने दोघातिघांना औषधं दिली. मग एक निवृत्त मास्तर आले. ते रक्त पातळ करणारी गोळी रोज घेत, आणि आता डॉक्टरांनी नवं अँटिबायोटिक लिहून दिलं होतं. दोन्ही एकत्र घेतली तर रक्तस्राव व्हायची भीती. तिने लगेच दवाखान्यात फोन लावला.

"कोण बोलतंय? नोंदणी क्रमांक सांगा," पलीकडची बाई नेहमीच्या सुरात म्हणाली.

कालपर्यंत तात्पुरता क्रमांक तिच्या जिभेवर असायचा. आज तो सांगणं म्हणजे सरळ खोटं बोलणं. मास्तर समोर उभे, फोन कानाला. ती मागच्या खोलीकडे वळली.

"आत्या, जरा ये," ती कशीबशी म्हणाली.

आत्याने फोन घेतला, डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घेतलं. मास्तर गेल्यावर तिने विचारलं, "क्रमांक का नाही दिलास?"

"मी नापास झालेय. सकाळीच कळलं."

"आणि सकाळपासून औषधं देतेयस?"

आत्या रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त सकाळची प्रिस्क्रिप्शनं मागून घेतली आणि एकेका गिऱ्हाइकाला फोन करून दिलेल्या गोळ्यांची नावं त्यांच्याकडून वाचून घेतली. चूक एकही निघाली नाही. तरी प्रत्येकाची माफी मागताना आत्याचा आवाज पडत होता, आणि भाचीला कुठे तोंड लपवू असं झालं होतं. शेवटचा फोन झाल्यावर आत्या परिषदेचा नंबर शोधू लागली.

"सगळं बरोबर होतं ना, मग परिषदेला कळवायलाच हवं का?" तिने दबकत विचारलं.

"तुझी जबाबदारी मी घेतली होती. आता माझ्या नोंदणीचा प्रश्न आहे," आत्या म्हणाली आणि परिषदेच्या कार्यालयाचा नंबर फिरवला. त्यांनी दोघींकडून लेखी खुलासा मागवला. पुढे काय होईल, ते काही कळलं नाही.

भाचीने कोट उतरवला. आत्याने तिला खोकी उघडायला बसवलं. "फेरपरीक्षेपर्यंत काउंटरला हात लावायचा नाही. रात्री जेवण झालं की तोंडीची तयारी माझ्यासमोर करायची."

दुपारी शेजारच्या काकू आल्या. "अगं, माझ्या बीपीच्या गोळ्या दे."

"मला देता येणार नाही, काकू. मी परीक्षेत नापास झालेय." तिचे कान तापले. "थांबा, आत्याला बोलावते."